परीक्षा तोंडावर आणि अंगात ताप: अशा वेळी क्रशला मेसेज कसा लिहावा

गुरुवारी रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा स्क्रीनशॉट आला. ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तोही तिच्याच वर्गात, लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर. दीड वर्षाची मैत्री, आणि त्यातले शेवटचे सहा महिने हिच्या मनात मैत्रीच्या पलीकडचं काहीतरी. त्याने लिहिलं होतं, ‘१०२ ताप आहे. सोमवारी पेपर. दोन युनिटना हातही लावलेला नाही. संपलं सगळं.’ खाली हिने टाइप करून ठेवलेलं उत्तर होतं, ‘अरे बापरे! काळजी घे रे. टेन्शन नको घेऊस, तू हुशार आहेस, तुला जमेलच. गेट वेल सून!’ आणि पुढे तीन बदाम. मला प्रश्न, ‘ताई, पाठवू?’

मी म्हटलं, थांब जरा.

त्या मेसेजमध्ये वाईट काही नव्हतं. तिला खरंच काळजी वाटत होती. पण तिची काळजी त्या ओळींमध्ये पोचलीच नव्हती. पुढचे चार दिवस ती लिहीत होती आणि मी फक्त खोडत होते. तेव्हा काय खोडलं, काय ठेवलं आणि का, ते इथे सविस्तर लिहिते आहे. तुमची क्रश मुलगी असो की मुलगा, ‘रे’च्या जागी ‘गं’ घाला. बाकी फारसं बदलत नाही.

आधी खोडायचं काय

‘काळजी घे’पासून सुरुवात करू. आपल्याकडे ‘काळजी घे’ हे फोन ठेवतानाचं वाक्य आहे. ‘चल, ठेवतो, काळजी घे.’ त्यामुळे आजारी माणसाला पहिल्याच मेसेजमध्ये ते आलं की त्याच्या कानाला ते निरोपासारखं लागतं. त्याने नुकतं तोंड उघडलेलं असतं आणि आपण दार लोटून घेतो. शेवटी लिहायला हरकत नाही, सुरुवातीला नको.

‘टेन्शन नको घेऊस’ म्हणजे तुला जे वाटतंय ते वाटून घेऊ नकोस. अंगात ताप आणि चार दिवसांवर पेपर असताना टेन्शन येणं अगदी रास्त आहे. ते नाकारलं की माणूस एकतर समजावत बसतो, ‘अगं पण दोन युनिट राहिलीत’, किंवा गप्प होतो. ‘तू हुशार आहेस, जमेलच’ हे ऐकायला गोड असतं, पण त्यात एक ओझं लपलेलं असतं. उद्या नाहीच जमलं तर पेपर गेलाच, शिवाय तुझ्या नजरेतूनही उतरलो. आवडत्या माणसाकडून आलेलं हे वाक्य जास्त जड होतं, कारण त्या नजरेची किंमत जास्त असते.

आणि तीन बदाम. तो पंखा बंद करून पांघरूण ओढून पडला आहे, डोकं ठणकतंय. त्या क्षणी त्याला या बदामांचा अर्थ लावायला लावू नका.

पहिला मेसेज

खोडून झाल्यावर तिने जे पाठवलं ते असं:

‘१०२ मध्ये पुस्तक उघडलंस तरी अक्षरं नाचणारच. आजची रात्र तापाची, पेपरची नाही. युनिट दोन आहेत, दहा नाहीत, उद्या बघू. उत्तर देत बसू नकोस. झोप बघू आता.’

पहिलं वाक्य त्याच्या शब्दांतून उचललेलं आहे. त्याने १०२ लिहिलं, हिने १०२ परत म्हटलं. नीट वाचलंय हे कळवायला एवढं पुरतं. ‘तुला काय होतंय ते मला समजतंय’ असं लिहायची गरज उरत नाही. दुसरं वाक्य दोन संकटं वेगळी करतं. ताप आणि पेपर एकाच गाठोड्यात बांधले गेले की ‘संपलं सगळं’ वाटतं, आणि रात्री साडेअकराला त्यांतल्या एकाचंच काहीतरी करता येतं: झोपायचं. तिसरं वाक्य संकटाचं खरं माप दाखवतं, त्याला छोटं म्हणत नाही.

‘उत्तर देत बसू नकोस’ हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तापात स्क्रीनकडे बघवत नाही, टाइप करवत नाही. पण कुणीतरी आपुलकीने विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं असं प्रत्येकाला वाटतं. ‘जेवलास का? औषध घेतलंस का? ताप उतरला का?’ हे तीन प्रश्न म्हणजे आजारी माणसाला दिलेली तीन कामं. त्याला त्यातून मोकळं करणं हीच मोठी काळजी. मात्र एकदा लिहिलंत की पाळायचं. ब्लू टिक आली आणि उत्तर नाही म्हणून तासाभराने ‘??’ पाठवलं, तर आधीचं सगळं वाया गेलं.

या मेसेजमध्ये लाडिकपणा कुठे आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ‘बघू’मध्ये.

‘झोप’ आणि ‘झोप बघू’

मराठीत जवळीक मोठमोठ्या शब्दांत नसते. ती वाक्याच्या शेपटाला असते. ‘झोप’ हा हुकूम आहे. ‘झोप आता’ म्हणजे सल्ला. ‘झोप ना’ ही विनवणी, आणि ‘झोप बघू’ म्हटलं की त्यात हक्क येतो, पण दटावणी येत नाही. लहानपणी आजारी असताना घरच्यांनी हेच शब्द वापरलेले असतात, म्हणून ते कानाला उबदार लागतात. ‘बरा आहेस?’ आणि ‘बरा आहेस ना?’ यांतला फरक तोच. दुसऱ्यात विचारणाऱ्याची धाकधूक ऐकू येते. ‘हं’सुद्धा तसंच काम करतं. ‘पाणी पी हं’ म्हणजे सांगणारी व्यक्ती शेजारी उभी असल्यासारखं.

एका मेसेजमध्ये असं एकच शेपूट पुरे. ‘झोप ना रे बघू हं’ लिहिलं की लाडाचा चिखल होतो. ज्यांच्याशी अजून ‘अहो-जाहो’ चालू आहे किंवा नुकतीच ओळख झाली आहे, त्यांना ‘बघू’ म्हणू नका. तिथे ‘ना’पर्यंतच थांबावं. आणि त्या माणसाचं लग्न ठरलेलं असेल किंवा दुसऱ्या कुणाशी जमलेलं असेल, तर काळजी जरूर करा, पण हे पुढचं सगळं बाजूला ठेवा.

मदत करा, पण ती दाखवू नका

शुक्रवारी ताप होताच. सकाळी थोडा उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. तापाचं बहुतेकदा असंच असतं. म्हणून संध्याकाळी सातला ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं तर उत्तर वाईटच येणार आणि दोघंही घाबरणार. विचारायचंच असेल तर सकाळी उशिरा विचारावं.

तिला त्या दोन युनिटच्या नोट्स काढून त्याला पाठवायच्या होत्या. ‘खास तुझ्यासाठी रात्री जागून काढल्या’ असं लिहून. इथे मी तिला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारी माणसं आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही परीक्षेआधीचे दिवस रोज वेगवेगळी नोंद ठेवली: आज आधार दिला का, आज आधार मिळाला का, मन कसं होतं. जोडीदाराने आधार दिला होता पण परीक्षार्थीच्या ते लक्षात आलं नव्हतं, तेव्हा परीक्षार्थीचं मन सगळ्यांत हलकं राहिलं. आधार मिळाल्याचं परीक्षार्थीला जाणवलं, तेव्हा मात्र मन उलट जास्त खचलेलं दिसलं.

कारण ओळखता येतं. आपल्याला आधार दिला जातोय हे कळलं की ‘मला हे एकट्याने झेपत नाहीये’ हेही कळतं, आणि वर उपकाराचं ओझं चढतं. ते अभ्यासातले लोक एकमेकांचे जोडीदार होते. क्रशच्या बाबतीत अजून नातंच ठरलेलं नसल्यामुळे, माझ्या मते, हे ओझं आणखी जास्त टोचतं.

म्हणून तिने नोट्स वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या. दोन पानं, स्वच्छ अक्षर, नेहमी विचारल्या जाणाऱ्या आकृत्यांसह. वर फक्त एवढंच, ‘शेवटची दोन युनिट, कुणाला हवी असतील तर.’ त्याला वेगळा मेसेज नाही. त्या दिवशी त्याला एकच ओळ गेली, सकाळी अकराला: ‘लॅबमधला तुझा ट्रे मी धुऊन ठेवलाय, त्याची चिंता डोक्यातून काढून टाक.’ हे काम झालेलं होतं, म्हणून सांगितलं. ‘काही लागलं तर सांग’ हे आम्ही मुद्दाम टाळलं. ते ऐकून कुणी काही मागत नाही. काय लागेल याचा विचार करण्याचं काम आपण आजाऱ्यावरच टाकतो.

लाडिक ओळ कुठे बसते

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला. ‘ताप ९९ वर आलाय. डोकं हलकं झालंय जरा. ग्रुपवर नोट्स कुणी टाकल्या? देवमाणूस आहे.’

माझी बहीण आनंदाने उड्या मारत होती. तिचं पहिलं उत्तर, ‘मीच टाकल्या! तुझ्यासाठीच!’ ते खोडलं. मग तिने स्वतःच लिहिलं, आणि ते इतकं छान होतं की मी हातही लावला नाही:

‘देवमाणूस नाही, शेजारचं टेबल. दोन दिवस झाले, ते टेबल फार शांत आहे. मला शांतता आवडते असं वाटायचं.’

यात काय आहे ते जवळून पाहा. ‘तुझी आठवण येते’ असं कुठेही नाही, पण तेच सांगितलंय. ही ओळ त्याच्या नसण्याबद्दल आहे, त्याच्या दिसण्याबद्दल नाही. आजारी माणसाला ‘तू आजारीसुद्धा गोड दिसत असशील’ हे लिहू नये. त्याचे केस विस्कटलेले असतात, ओठ सुकलेले असतात, आपण कसे दिसतोय हे त्याला ठाऊक असतं. उणीव मात्र कुणालाही हवीहवीशी वाटते, कारण त्यासाठी त्याला काही करावं लागत नाही. तो नुसता नसला तरी जाणवतो.

दुसरी गोष्ट: ही ओळ शेवटी आहे आणि तिला वळसा घालून जाता येतं. तो फक्त ‘ओह, तू होतीस! थँक्स’ म्हणून पुढे गेला असता, तरी कुणाचाच चेहरा पडला नसता. लाडिक ओळ लिहून झाली की ती बोटाने झाकून बघा. उरलेला मेसेज पूर्ण वाटतो का? वाटत असेल तर पाठवा. त्या ओळीशिवाय मेसेजला अर्थच उरत नसेल, तर तुम्ही धीर देत नाही आहात, उत्तर मागत आहात.

आणि वेळ. ही ओळ ताप १०२ असताना गेली नाही, ९९ ला आल्यावर गेली. त्याने आधी स्वतः थोडी गंमत केली, ‘देवमाणूस’ म्हणाला, मग हिने केली. समोरचा जोवर एकेका शब्दात बोलतोय तोवर थांबायचं. त्याच्या बोलण्यात थोडा खेळ परत आला की मग आपला.

त्याचं उत्तर, ‘सोमवारनंतर पुन्हा बडबड सुरू करतो, तयारीत राहा.’ त्याने ओळ उचलली होती. उचलली नसती तर? एकदा न उचलणं म्हणजे थकवा असू शकतो. दुसऱ्या वेळीही ती ओळ तशीच पडून राहिली, तर माझा नियम असा की परीक्षा संपेपर्यंत तिसरी पाठवायची नाही. साधी काळजी चालू ठेवायची. तीच ओळ जरा जास्त स्पष्ट करून पुन्हा पाठवली की ते टोचणं होतं.

पेपरच्या आदल्या रात्री

रविवारी रात्री दहाला, ‘काहीच आठवत नाहीये.’

इथे बहुतेक जण ‘होईल रे सगळं’ म्हणतात. तिने आधी एक नेमका प्रश्न विचारला: ‘वाचलेलं आठवत नाही, की वाचायचंच राहिलंय?’ या दोन भीती वेगळ्या असतात आणि त्यांचं औषधही वेगळं. वाचायचं राहिलं असेल तर एक छोटा तुकडा निवडून द्यावा लागतो. वाचलेलं आठवत नसेल तर पुस्तक मिटावं लागतं. शिवाय असा दोन पर्यायांचा प्रश्न घाबरलेल्या माणसाला सोपा जातो, एका शब्दात उत्तर देता येतं. ‘काय होतंय नेमकं?’ याचं उत्तर द्यायला निबंध लिहावा लागतो.

तो म्हणाला, ‘वाचलेलं.’

‘मग ते डोक्यात आहे, दमलेल्या डोक्यातून रात्री दहाला बाहेर येत नाहीये एवढंच. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून आता झोप हाच अभ्यास. सकाळी फक्त आकृत्या बघ, दहा मिनिटं. अलार्म कितीचा? पाच मिनिटांनी माझा मिस कॉल येईल. उचलू नकोस, नाहीतर मी बोलत बसेन.’

झोपेचं ते खरं आहे. दिवसा शिकलेलं स्मरणात पक्कं होण्यासाठी झोप लागते, आणि तापातून उठलेल्या माणसाने रात्रभर जागणं तर दुहेरी नुकसान. पण वाक्याचं बळ शास्त्रात नव्हतं. त्याला वाटणाऱ्या अपराधाला उत्तर मिळालं होतं, की झोपलास तर तू अभ्यास सोडून दिलास असं होत नाही. शेवटचं ‘नाहीतर मी बोलत बसेन’ बोटाने झाकून बघा, मेसेज पुरा राहतो. आणि त्या ओळीने उद्या सकाळचा मिस कॉल नुसता अलार्म राहिला नाही.

सोमवारी सकाळी मिस कॉल, बस. पेपरच्या तासभर आधी लांबलचक शुभेच्छा, ‘माझ्यासाठी छान लिही’ वगैरे काही नको. पेपर कुणासाठी लिहायचा नसतो, आणि तुमचं नाव त्या तीन तासांना चिकटू नये. पेपर सुटल्यावर ‘कसा गेला?’ हा प्रश्न त्याला दहा जण विचारणार होते. हिने लिहिलं, ‘सुटलास. आता आधी आडवा हो, पेपरचं नाव मी काढणार नाही.’ तासाभराने त्याने आपणहून सगळा पेपर सांगितला. दुसरं युनिट बरं गेलं होतं, शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला होता.

कुठे थांबून वेगळं वागायचं

ताप तीन दिवसांपलीकडे टिकला, श्वास लागत असेल, पोटात पाणीही ठरत नसेल, अंगावर पुरळ उठलं असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, तर मेसेज सुंदर करत बसू नका. ‘डॉक्टरांना दाखवलंस का? आत्ता सोबत कोण आहे?’ एवढंच सरळ विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोबतच्या कुणाला तरी फोन करा. औषधाचं नाव तुम्ही सुचवू नका, आपल्याला बरं वाटलेलं औषधही नाही.

परीक्षेच्या ताणातून कुणी ‘नकोसं झालंय सगळं’, ‘जगावंसंच वाटत नाही’ असं लिहिलं, तर ते बोलण्याची लकब म्हणून सोडून देऊ नका. लाडिकपणा तिथल्या तिथे बंद. फोन करा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. घरातलं किंवा खोलीवरचं कुणीतरी शेजारी येऊन बसेपर्यंत फोन ठेवू नका. हे गुपित ठेवण्याचं वचन मागितलं तरी देऊ नका. नंतरची बोलणी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायची असतात. एकट्या क्रशने ती पेलायची नसतात.

मनातलं कधी सांगायचं

बहिणीला सोमवारीच सांगायचं होतं. तो खूश होता, तिचे आभार मानत होता, वातावरण अगदी जुळून आलं होतं. मी म्हटलं, म्हणूनच आज नको. आत्ता त्याच्यावर चार दिवसांचे आभार साचलेत. आज विचारलंस तर ‘नाही’ म्हणणं त्याला कृतघ्नपणा वाटेल, आणि ‘हो’ म्हणाला तर ते तुझ्यासाठी होतं की नोट्ससाठी, हे तुलाही कधी कळणार नाही.

उरलेले पेपर झाले. तो लॅबमध्ये परत आला, बडबड पूर्ववत सुरू झाली. एकदा हिच्या हातून ट्रे सांडला तेव्हा त्याने सगळं पुसून दिलं. मधे बारा दिवस गेले. मग तिने लिहिलं, आणि मला दाखवलं ते पाठवून झाल्यावर:

‘टेबलाशेजारी बसून दीड वर्ष बोललो. एकदा टेबल नसलेल्या जागी भेटूया? मला तू आवडतोस म्हणून विचारतेय. नको असेल तर सरळ नको म्हण, शेजारचं टेबल शेजारीच राहील.’

त्यात ताप नव्हता, नोट्स नव्हत्या, मिस कॉल नव्हता. तो चाळीस मिनिटं टाइप करत होता, थांबत होता, पुन्हा टाइप करत होता. शेवटी आलं, ‘शनिवारी चालेल?’